नरम पाक, कडा पाक आणि मधली दोन मिनिटं

उत्तर कोलकात्यातल्या एका जुन्या मिठाईच्या दुकानात उभी होते, रात्री हावड्याहून आझाद हिंद पकडायची होती आणि पुण्याला घरच्यांसाठी संदेश, ती बंगाली मिठाई, न्यायची होती. काचेच्या मागे दोन ताटं शेजारी-शेजारी. एकातले संदेश फिकट, जरा ओलसर, कडा मऊ. दुसऱ्यातले घट्ट, नक्षी एकदम स्पष्ट. मी पहिल्या ताटाकडे बोट दाखवून म्हटलं, हे वीस द्या. काउंटरवरच्या दादांनी कागदी डबा हातात घेतला, मग सहज विचारलं, कुठे जायचंय? पुणे म्हटल्यावर त्यांनी डबा परत खाली ठेवला. "नरम पाक पुण्याला नको दीदी. परवा सकाळी तुम्ही पोचाल तेव्हा तो आंबट झालेला असेल. कडा पाक न्या." मी म्हटलं चालेल हो, थंडी आहे. तर ते ऐकेचनात, शेवटी तो घट्ट कडा पाकच बांधून दिला. राग नाही आला, पण गाडीत वरच्या बर्थवर पडल्या पडल्या डोक्यातून ते जाईना. दोन्हीत छेना, म्हणजे दूध फाडून काढलेला चोथा, तोच, साखर तीच, कढई तीच, कारागीरही तोच असणार. मग एक चार-पाच दिवस टिकतो आणि दुसरा दोन रात्रीही धड काढत नाही, असं त्या कढईत नेमकं काय होतं?

आपल्याकडे दूध फाटलं की घरात आधी वाईटच वाटतं. माझी आजी फाटलेलं दूध कधी टाकायची नाही, त्यात साखर घालून मंद आटवत बसायची, वर वेलदोडा. ते सगळं पाणी आटून रवाळ काहीतरी व्हायचं आणि आम्ही पोरं चमच्याने खायचो. चव मस्त, पण दाताखाली कण यायचे, थोडे चिवट, रबरी म्हणावे असे. मला तेव्हा वाटायचं फाटलेल्या दुधाचं असंच होतं, त्याला इलाज नाही. आपला सगळा हात खव्यावर बसलेला आहे ना. पेढा म्हणा, कुंदा म्हणा, बासुंदी म्हणा, आपलं काम म्हणजे दूध आटवायचं, परतायचं, अजून थोडं परतायचं. कढईत जास्त वेळ काढला की पदार्थ जास्त चांगला, हे हाताला इतकं पक्कं माहीत असतं की छेना समोर आला तरी हात तेच करायला जातो. आणि संदेशाचं सगळं घोडं तिथेच अडतं. छेन्यातलं पाणी आटवायला संदेश आचेवर ठेवत नाहीत. साखर त्यात विरघळून एकजीव व्हावी आणि छेन्याचा कच्चा वास जावा, एवढ्याचसाठी ठेवतात. तेवढं झालं की उतरवायचा. त्या वेळी तो बघायला अर्धवट दिसतो, आणि तसाच दिसायला हवा असतो.

हे मला शिकवलं कोलकात्यात ढाकुरियाला आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या काकीमांनी. नवऱ्याच्या नोकरीमुळे काही वर्षं आम्ही तिथे होतो, माझं बांगला यथातथा, त्यांचं हिंदी माझ्या बांगलासारखंच, त्यामुळे शिकवणं जास्त करून हाताने आणि डोळ्याने. त्यांच्या घरी संदेश दुकानातून यायचा तसा घरीही व्हायचा, आणि त्यामागे एक किस्सा होता. 1965 साली पश्चिम बंगालात दुधाची टंचाई होती म्हणून प्रफुल्लचंद्र सेनांच्या सरकारने छेन्याची मिठाई करून विकायलाच बंदी आणली. पुढे हायकोर्टात ती टिकली नाही, पण तोवर दुकानांची आणि कारागिरांची फार दैना झाली. काकीमा तेव्हा शाळेत. संदेशाशिवाय पूजा कशी करायची म्हणून त्यांच्या आईने घरच्या दुधाचा छेना काढून संदेश करायला घेतला आणि मग बंदी उठली तरी ती सवय घरात राहिली. काकीमा हे सांगताना नेहमी एक वाक्य जोडायच्या, की आईचा संदेश दुकानापेक्षा बरा व्हायचा कारण ती कमी करायची. कमी म्हणजे कमी शिजवायची, हे कळायला मला वेळ लागला.

सुरुवात दुधापासून. गाईचंच दूध हवं, आणि टोन्ड वगैरे नको, पूर्ण मलईचं. पुण्यात गाईचं पिशवीतलं दूध मिळतं ते चालतं. म्हशीच्या दुधाला आपण जीव टाकतो, खव्याला ते उत्तमच, पण त्याचा छेना घट्ट आणि जाड कणाचा येतो, कॅल्शियम जास्त असतं त्यात आणि स्निग्धांशाचे थेंबही मोठे, कितीही मळलं तरी तो कण पूर्ण मोडत नाही. एक लिटर दूध एक उकळी आणून गॅस बंद करायचा आणि मग थांबायचं. हे थांबणं बरेच जण करत नाहीत. रटरट उकळत्या दुधात लिंबू पिळलं की दूध एका झटक्यात फाटतं, बघायला छान वाटतं, पण कण आवळून घट्ट होतात, पनीरला ते ठीक आहे. संदेशासाठी पाच-सात मिनिटं दूध तसंच ठेवायचं, मध्ये मध्ये हलवत, म्हणजे साय धरणार नाही. तोवर ते ऐंशी अंशांच्या आसपास येतं. दोन टेबलस्पून लिंबाचा रस अर्धा कप पाण्यात मिसळून ठेवायचा आणि चमच्या-चमच्याने घालत जायचं, पळी अगदी हळू, गोल गोल, घुसळायचं नाही. रस सगळा लागेलच असं नसतं. पांढऱ्याचं पांढरं वेगळं होऊन खालचं पाणी हिरवट पिवळं आणि स्वच्छ दिसलं की हात थांबवायचा, उरलेला रस उरू दे. पाणी अजून दुधाळ असेल तर आणखी एक चमचा. जास्त आंबट पडलं की छेना भरभरीत होतो आणि साखरेतूनही ती आंबट चव डोकं वर काढते. मिठाईवाले बरेचदा आदल्या दिवशीचं छेन्याचं पाणी आंबवून तेच वापरतात, त्याने दूध सावकाश आणि मऊ फाटतं. घरी रोज छेना होत असेल तर तो मार्ग सगळ्यात चांगला, एरवी लिंबू पुरेसं आहे.

फाटलं की लगेच थंड पाण्याचा मोठा पेला त्यात ओतायचा. गरम पाण्यात बसून राहिला तर छेना आतल्या आत शिजत राहतो आणि रबरी व्हायला तिथूनच सुरुवात होते. मग पातळ मलमलीच्या कापडात ओतून वरून पुन्हा थंड पाण्याने धुवायचा, लिंबाचा वास जातो, आणि गाठ मारून नळाला टांगायचा. वजन ठेवायचं नाही. वजनाखाली पाणी भसाभस निघतं आणि बाहेरचा थर कोरडा, आतला ओला असा दुजाभाव होतो, तो पुढे मळताना त्रास देतो. अर्धा ते पाऊण तास टांगलेला पुरे, मध्ये एकदा गाठोडं हलकं पिळायचं. काकीमा यासाठी घड्याळ बघायच्या नाहीत. कापडातून वाटाण्याएवढा छेना काढून अंगठा आणि बोटाच्या मध्ये चोळायच्या. बोटं नुसती ओली झाली की अजून टांगा. छेना भुरभुर सुटला की कोरडा झाला, त्यात धुतलेल्या पाण्याचे चार थेंब मारा. बोटावर एक गुळगुळीत थर पसरला आणि किंचित तूप लागल्यासारखं वाटलं की तयार. एक लिटर दुधाचा असा छेना साधारण दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम भरतो. आपण एकशे साठ धरू.

मग मळणं. मोठ्या ताटात छेना पसरायचा आणि तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने थोडा थोडा पुढे ढकलत घासायचा, कणकेसारखं गोळा करून तिंबायचं नाही, रगडायचा. एक एक कण ताटावर चिरडला गेला पाहिजे. पाच-सात मिनिटांत रंग बदलतो हे लक्षात येतं, आधी खडबडीत पांढरा असतो तो मोत्यासारखा तुकतुकीत व्हायला लागतो आणि ताटाला न चिकटता एकत्र येतो. चक्का चाळून घेतल्यावर कसा सलग दिसतो, तसा. मला हा भाग फार आवडतो, हाताखाली खरखर हळूहळू नाहीशी होत जाते आणि मग अचानक काहीच टोचत नाही. तळहाताला तेलकटपणा जाणवला की थांबायचं. त्यापुढे रगडलं तर स्निग्धांश सुटून बाहेर येतो आणि उरलेला छेना बिचारा कोरडा पडतो, वर तेलकट, आत रुक्ष. मिक्सरमध्येही होतं हे काम, पण मिक्सरचं भांडं गरम होतं आणि तो थांबायचा क्षण हाताला कळत नाही, म्हणून अगदी थोडं थोडं फिरवायचं. इथे राहिलेला कण पुढे आचेवर मोडत नाही, उलट आणखी घट्ट होतो. तोंडात विरघळणारा संदेश निम्मा इथेच, गॅस लावायच्या आधी ठरलेला असतो.

आता कढई.

एकशे साठ ग्रॅम छेन्याला पन्नास ग्रॅम पिठीसाखर, म्हणजे छेन्याच्या तिसऱ्या हिश्श्याला जराशी कमी. छेन्यातला पाऊण भाग साखरेबरोबर आधीच, कढई थंड असतानाच कालवून घ्यायचा, आणि चौथा भाग झाकून बाजूला ठेवायचा, तो कशाला ते पुढे सांगते. जाड बुडाची कढई किंवा नॉनस्टिक तवा, लाकडी उलथनं, गॅस बारीक म्हणजे खरंच बारीक, सगळ्यात छोट्या बर्नरवर सगळ्यात कमी. आणि पहिल्या दोन मिनिटांत मिश्रण घट्ट होण्याऐवजी पातळ होतं. पहिल्यांदा करणाऱ्याला हमखास धक्का बसतो, वाटतं बिघडलं, आणि हात गॅसच्या बटनाकडे जातो मोठा करायला. तसं करू नका. साखर विरघळताना छेन्यातलं पाणी ओढून घेते, त्यामुळे ते सैल होणारच, थालीपीठ लावता येणार नाही इतकं सैल. तसंच हलवत राहायचं, तळ आणि कडा सतत खरवडत, कारण कडेला जे लागून राहतं ते आधी वाळतं आणि मग सगळ्यात कण होऊन मिसळतं. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला ते पुन्हा आवळायला लागतं. वास बदलतो, दुधाचा कच्चा ओलसर वास जाऊन गोडसर, कोमट सायीचा वास येतो. उलथनं फिरवलं की मागे तळ दिसतो आणि मिश्रण परत तिथे वाहत येत नाही, सावकाश सरकतं. पाचव्या-सहाव्या मिनिटाला ते कढईचे काठ सोडून मध्ये जमा होतं, पण अजून मऊ, उलथन्यावरून हळू घसरणारं, आणि वर एक ओली चमक असते.

ती चमक असतानाच उतरवायचं. काकीमा एक छोटा गोळा ताटलीत काढून फुंकर मारून निववायच्या आणि दोन बोटांत वळायच्या. वळला गेला, बोटांना चिकटला नाही, पण दाबल्यावर लगेच पसरला, तर झालं नरम पाकाचं. वळून तसाच टणक उभा राहिला तर आपण कडा पाकाच्या रस्त्याला लागलो. या दोन अवस्थांमध्ये एवढ्याशा प्रमाणात फार तर दोन मिनिटांचं अंतर असतं. दुकानातल्या मोठ्या कढईत ते जास्त मिळतं, घरी दीडशे ग्रॅमला वेळच मिळत नाही, फोन वाजला की संपलं. चमक जाऊन मिश्रण मॅट दिसायला लागलं, कढईत बारीक तूप सुटलेलं दिसलं, उलथन्याला दाणे जाणवायला लागले, की पुढे गेलेलं आहे. मग ते परत आणता येत नाही, दूध शिंपडून ओलं होतं, मऊ होत नाही.

असं का, तर छेना म्हणजे मुळात दुधातल्या प्रथिनांची जाळी आहे आणि त्या जाळीत पाणी आणि स्निग्धांश अडकलेला आहे. आच लागत गेली की जाळीचे धागे एकमेकांना आणखी आवळून धरतात आणि पाणी बाहेर ढकलतात. ते पाणी वाफ होऊन गेलं की धागे आणखी जवळ येतात. आजीच्या वाटीतले ते चिवट कण म्हणजे हीच जाळी, पूर्ण आवळलेली. साखर इथे नुसती गोडीला नाही, ती पाण्याला धरून ठेवते आणि धाग्यांच्या मध्ये बसते, म्हणून साखर फार कमी केली तर संदेश मऊ राहत नाही, डायटचा संदेश बहुतेक वेळा कोरडा आणि भेगाळ होतो तो म्हणूनच. अगदी चौथ्या हिश्श्यापर्यंत उतरता येतं, त्याखाली मला तरी जमलेला आवडत नाही. उलट निम्म्यावर गेलात तर तो ओशट, चिकट आणि दुसऱ्या दिवशी वरून साखर धरलेला. आणि हे आवळणं गॅस बंद केल्यावर थांबतही नाही. जाड कढईत मिश्रण ठेवून दिलं तर ते स्वतःच्या गरमीवर शिजत राहतं, शिवाय निवताना स्निग्धांश गोठतो आणि सगळं आणखी एक पायरी घट्ट होतं. म्हणून उतरवल्या उतरवल्या थंड ताटात काढायचं.

बाजूला ठेवलेला चौथा भाग आता. ताटात काढलेलं मिश्रण हाताला सोसेल इतकं कोमट झालं की तो मळलेला, न शिजवलेला छेना त्यात मिसळून परत एकदा तळहाताने एक-दोन मिनिटं रगडायचं. बंगाली घरांतून ही युक्ती बरीच चालते. शिजलेला भाग बांधून ठेवतो, कच्चा भाग ओलावा आणि मऊपणा देतो, आणि थोडं जास्त शिजलं असेल तरी सांभाळून जातं. वेलची घालायची तर इथेच, अगदी चिमूट. काकीमांना वेलची आवडायची नाही, त्यांचं म्हणणं दुधाचा वास झाकायचा असेल तर संदेश कशाला करायचा. पण यात एक गोष्ट लक्षात ठेवायची, न शिजवलेला छेना आत आहे म्हणजे हा संदेश त्याच दिवशी खायचा. त्या दुकानातल्या दादांचं सगळं गणित मला इथे उलगडलं. ज्या पाण्यामुळे तो तोंडात विरघळतो त्याच पाण्यात तो लवकर आंबतो. कडा पाकात ते पाणी काढून टाकलंय म्हणून तो आझाद हिंदमधून पुण्याला येऊ शकतो. दोन्ही गोष्टी एकाच संदेशात मागणं म्हणजे कढईतली ती दोन मिनिटं एकाच वेळी शिजवणं आणि न शिजवणं.

साचे काकीमांकडे आईचे होते, लाकडी, काळे पडलेले, एकात शंख, एकात मासा, एकात आंबा. मी माझे नूतन बाजारातून आणले, रवींद्र सरणीवर, तांब्या-पितळेच्या भांड्यांच्या दुकानांमध्येच लाकडी साचे लटकवलेले असतात. आपल्या मोदकाच्या साच्यासारखे दोन पाकळ्यांचे बंद होणारे नाहीत हे, एका लाकडाच्या तुकड्यात उलटी कोरलेली नक्षी, वरून उघडी. घेताना मी खोल कोरीव, बारीक रेषांचे फार सुंदर साचे हातात घेतले होते, काकीमांनी ते काढून घेतले आणि उथळ, मोठ्या रेषांचे निवडले. कारण खोल साचा कडा पाकाला. नरम पाक खोल साच्यातून निघताना त्याच्या कडा लाकडाला धरून राहतात आणि मधला भाग सुटून येतो, म्हणजे भेग पडलीच. चंद्रनगरचा जोलभोरा संदेश घ्या, ताडगोळ्याच्या आकाराचा, सूर्यकुमार मोदकांच्या दुकानाचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे, जावयाची फजिती करायला म्हणून तो पहिल्यांदा केला अशी गोष्ट सांगतात, चावा घेतला की आतून गुलाबपाणी उडतं. ते पाणी धरून ठेवायला बाहेरची भिंत कडा पाकाचीच लागते, नरम पाकात ते पाणी जिरून जाईल. तेव्हा साचा निवडताना आधी आपला पाक बघायचा, नक्षी नंतर.

साचा कोरडा ठणठणीत असेल तर लाकूड संदेशाच्या पृष्ठभागातलं पाणी पिऊन टाकतं आणि तो थर लाकडालाच चिकटतो. म्हणून आधी ओल्या फडक्याने पुसायचा आणि मग बोटाच्या टोकाला लागेल एवढंच तूप, ते सुद्धा पुन्हा कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं. तूप जास्त झालं की दोन घोटाळे. ते नक्षीच्या रेषांत साठतं आणि रेषा पुसट येतात, आणि संदेशाच्या अंगात जिथे जिथे घडी पडली असेल तिथे ते शिरतं, मग ती घडी कधीच मिटत नाही. मिश्रण कोमट असतानाच साच्यात घालायचं, ताटावर ओलं फडकं झाकून, एका वेळी एकच गोळा बाहेर काढायचा. वीस ग्रॅमचा एक, म्हणजे एवढ्या छेन्यात नऊ-दहा संदेश होतात. गोळा दोन तळव्यांत फिरवताना आधी जरा दाब देऊन, मग दाब कमी करत करत, शेवटी नुसता फिरवायचा, म्हणजे पृष्ठभागावरची शिवण मिटते. तरी एखादी बारीक रेघ राहतेच, ती वरच्या बाजूला आपल्याकडे ठेवायची, गुळगुळीत बाजू साच्याकडे. अंगठा मध्यभागी ठेवून दाबायचं आणि मग दाब कडांकडे नेत जायचा. कडेला कमी पडलं म्हणून वरून दुसरा तुकडा लावायचा नाही, तो सांधा नंतर उघडतो, त्यापेक्षा पूर्ण गोळा काढून थोडा मोठा वळा. मागची बाजू बोटाने सपाट करायची, साचा तळहातावर पालथा घालून एकदा ठोकायचा. नाही सुटला तर सुरी घालायची नाही, उरलेल्या मिश्रणाचा छोटा गोळा त्याच्या पाठीला हलका चिकटवून वर ओढायचा, अलगद येतो.

आणि भेगा पडल्याच तर त्या कुठे पडल्यात ते बघायचं, त्यावरून कारण कळतं. दाबताना गोळ्याच्या कडेवरच बारीक बारीक चिरा येत असतील तर मिश्रण कोरडं आहे, जास्त शिजलं किंवा छेना जास्त गळला. चमचाभर कोमट दूध घालून पुन्हा रगडलं तर नक्षी तरी धरते, मऊपणा थोडा गेलेला असतो. मधोमध एकच लांब चीर असेल तर ती वळताना राहिलेली शिवण आहे किंवा मिश्रण निवून गेलंय, परत तळव्यात घेऊन उबेने मऊ करून वळलं की बहुतेक जाते. साच्यातून काढताना धड असलेला संदेश तासाभराने वरून तडकला तर पंखा किंवा एसी बघा, तो उघडा राहिला होता. चौथा प्रकार म्हणजे चीर नसते पण पृष्ठभाग खरबरीत, खवल्यासारखा उठतो, तो मळण्यात राहिलेला कण, त्याला आता काही करता येत नाही. या सगळ्यावर काही जण चमचाभर मैदा किंवा कॉर्नफ्लोअर घालतात, भेगा जातात हे खरं आहे, पण मग जिभेवर ठेवल्यावर तो विरघळत नाही, पिठूळ गोळा होऊन टाळूला चिकटतो. मला ते अजिबात पटत नाही. दोन भेगा असलेला, तोंडात जाताच सांडून जाणारा संदेश मी कधीही आधी उचलेन.

काढलेले संदेश ताटलीत अंतर ठेवून मांडायचे आणि वर उलटं भांडं झाकायचं, तासभर तसेच राहू द्यायचे, तेवढ्यात ते आपोआप सेट होतात. उन्हाळा असेल तर हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये, आणि खायच्या वीस मिनिटं आधी बाहेर, कारण थंड संदेशातला स्निग्धांश गोठलेला असतो आणि मग तो विरघळत नाही, चावावा लागतो, केलेली सगळी मेहनत फुकट.

थंडीत खजुराच्या ताज्या रसाचा गूळ, नोलेन गूड, मिळाला तर साखर निम्मी करून तो घालता येतो, पण त्याने पाकाचं गणित बदलतं. पातळ गूळ स्वतः पाणी घेऊन येतो, त्यामुळे तो सुरुवातीलाच घातला तर ते पाणी आटवता आटवता छेना जास्त शिजतो आणि गुळाचा तो धुरकट सुवासही वाफेबरोबर उडून जातो. मी साखर आणि छेना काठ सोडायला लागेपर्यंत शिजवते, मग दीड-दोन टेबलस्पून गूळ घालून पुन्हा मिनिट-दोन मिनिटं, चमक परत दिसेपर्यंत. ढेपेचा पाटाली गूळ असेल तर बारीक किसून घालायचा, त्यात पाणी कमी म्हणून तो घरी करायला सोपा पडतो. पुण्यात ऑनलाइन मिळणाऱ्या पाटालीत कधी कधी नुसतीच साखर असते. तुकडा जिभेवर ठेवून बघायचा, धुराचा वास आधी आला पाहिजे आणि गोडी मागून. तसा नसेल तर त्या वर्षी साखरेचाच संदेश करायचा.